डब्यात उरलेल्या लाल गोळ्या

गेल्या पावसाळ्यात एक शिक्षिका तपासणीला आली होती. पहिलटकरीण, सहावा महिना चालू. हिमोग्लोबिन ९.६. महिनाभरापूर्वी ते ९.८ होतं, तेव्हा मीच तिला एकाऐवजी रोज दोन लाल गोळ्या घ्यायला सांगितल्या होत्या. नेमाने दोन गोळ्या घेतल्या तर महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एका अंकाने चढायला हवं. इथे ते होतं तिथेच होतं. गोळी लागू पडत नाही असं धरून मी पुढचं औषध लिहायला घेतलं. आमच्या सिस्टरनी वीस वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्सबाई म्हणून काढली आहेत. वजन नोंदवता नोंदवता त्यांनी सहज विचारलं, "संडासला काळी होते का गं?"

"नाही सिस्टर, नेहमीसारखीच."

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी पेन खाली ठेवलं.

लोहाची गोळी पोटात गेली की शौचाचा रंग काळपट किंवा काळसर हिरवा होतो. आतड्यात न शोषलं गेलेलं लोह तसंच बाहेर पडतं, त्याचा तो रंग. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. उलट गोळी पोटात जाते आहे याची ती घरबसल्या मिळणारी पावती. रोज दोन गोळ्या घेणाऱ्या बाईची शी नेहमीच्या रंगाची असेल, तर गोळ्या पोटात न जाता दुसरीकडे कुठेतरी जात असतात. हिच्या बाबतीत त्या कपाटातल्या स्टीलच्या डब्यात जात होत्या. आशाताई दर महिन्याला पट्ट्या देत, ही हसून घेत असे आणि डब्यात टाकत असे.

कारण विचारल्यावर आधी ती गप्प बसली. मग खाली बघत म्हणाली, "चार-चार दिवस होतच नव्हतं मॅडम. झालं की नुसता खडा. कुंथून कुंथून जीव जायचा. एकदा रक्तही दिसलं. मग बंद केल्या."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"असलं काय सांगायचं..."

मी विचारलं नव्हतं हेही खरंच. बाळ हलतं का, पायाला सूज आहे का, डोकं दुखतं का, हे सगळं विचारलं होतं. पोट साफ होतं का, हे नाही.

बद्धकोष्ठता गर्भारपणात तशीही होते, गोळी घ्या किंवा न घ्या. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक गर्भाशयाच्या स्नायूंना शांत ठेवतं, म्हणून ते नऊ महिने कळा न देता बाळाला सांभाळतात. पण आतड्याच्या भिंतीतले स्नायूही त्याच जातीचे, तेही सुस्तावतात. अन्न पुढे ढकलण्याचा वेग कमी होतो. मोठ्या आतड्याचं काम पाणी शोषून घेण्याचं. मळ तिथे जितका जास्त वेळ रेंगाळेल तितकं जास्त पाणी शोषलं जातं आणि तो तितका कोरडा होतो. शेवटच्या महिन्यांत वाढलेलं गर्भाशय खालच्या आतड्यावर रेलतं, हालचाल मंदावते. एवढं सगळं आधीच असताना वरून लोह येतं.

सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस, असा तिचा क्रम. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रोज दोन. खासगी डॉक्टर लिहून देतात त्या गोळ्यांत पुष्कळदा १०० मिलिग्रॅम लोह असतं. आता यातलं रक्तापर्यंत किती पोचतं? साधारण दहा ते वीस टक्के. म्हणजे ६० मिलिग्रॅममधलं फार तर १२ मिलिग्रॅम शोषलं जातं आणि उरलेलं पन्नासएक मिलिग्रॅम आतड्यातून तसंच पुढे सरकतं. तिथल्या जिवाणूंची घडी ते विस्कटवतं, काहींना मळमळ होते, काहींना जुलाब, आणि बऱ्याच जणींना खडा. गर्भारपणाने आधीच मंद झालेल्या आतड्यात तो जास्त जाणवतो.

त्यावर कॅल्शियमची गोळी. सरकारी क्रमानुसार तीही दिवसातून दोनदा असते आणि तीही काही जणींचं पोट घट्ट करते. पण सगळं खापर फुटतं ते लाल गोळीवर, कारण काळा रंग तिचा.

मग गोळी सोडून बीट, खजूर, गूळ खाल्ला तर नाही चालणार? हा प्रश्न घरोघरी निघतो. एका गर्भारपणाला सुमारे १ ग्रॅम, म्हणजे हजार मिलिग्रॅम लोह जास्तीचं लागतं. काही बाळाला आणि वारेला, त्याहून जास्त आईच्या वाढलेल्या रक्ताला, आणि बाळंतपणात जे रक्त जातं त्यालाही. जेवणातून एवढी भरपाई होणं कठीण, त्यात सुरुवातच रक्त कमी असताना झाली असेल तर अशक्यच. बीट लाल असतं एवढंच. त्यात लोह फार नसतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक, ५२ टक्के गर्भवतींच्या अंगात रक्त कमी होतं. म्हणून गोळी सोडून भागत नाही. शौच मऊ करायचं आणि गोळी चालू ठेवायची, या क्रमाने जावं लागतं.

आमच्या शिक्षिकाबाईंच्या बाबतीत पहिला प्रश्न होता की आता आत काय अडकलं आहे. ब्रिस्टल शहरातल्या डॉक्टरांनी शौचाच्या आकाराचा एक तक्ता केलेला आहे, एक ते सात. एक म्हणजे बकरीच्या लेंड्यांसारखे सुटे खडे, दोन म्हणजे ते खडे चिकटून झालेला ओबडधोबड गोळा, तीन-चार म्हणजे केळ्यासारखा मऊ, आणि पुढे पातळ होत होत सात म्हणजे पाणी. तक्ता भिंतीवर लावण्यासारखा शोभिवंत नाही, पण बोट ठेवून दाखवायला बाईला बोलावं लागत नाही, म्हणून मी तो टेबलाच्या खणात ठेवते. तिने एकावर बोट ठेवलं. गोळ्या बंद करून तीन आठवडे झाले तरी एकच. म्हणजे दोष एकट्या गोळीचा नव्हता.

अशा वेळी लोक आधी इसबगोल आणतात. इथेच पहिली चूक होते. खाली कोरडा गोळा दडपून बसलेला असताना वरून फुगणारा भुसा लोटला तर पोट फुगतं, गच्च होतं, आणि "इसबगोलनेही काही होत नाही" असा शेरा मिळतो. आधी अडकलेलं मऊ करून काढायचं, मग तंतुमय पदार्थ वाढवायचे.

मऊ करायला मी लॅक्ट्युलोज दिलं. हे गोड, दाट सिरप असतं. ही एक अशी साखर आहे जी माणसाच्या आतड्याला पचवता येत नाही. ती तशीच मोठ्या आतड्यात पोचते, आपल्याबरोबर पाणी धरून ठेवते, तिथले जिवाणू तिचं सौम्य आम्ल करतात आणि मळ ओला राहतो. रक्तात ती जवळजवळ जातच नाही, म्हणून बाळाची काळजी नसते. रात्री १५ मिलिलिटर, गरज पडली तर सकाळी तेवढंच आणखी. दोन गोष्टी मात्र आधीच सांगून ठेवाव्या लागतात. एक, हे आज घेतलं की उद्या पोट साफ, असं औषध नाही. दोन-तीन दिवस लागतात. दुसरी, पहिले काही दिवस वारा सरतो, पोट गुडगुडतं. हे सांगितलं नाही तर बाटली तिसऱ्या दिवशी त्याच स्टीलच्या डब्याशेजारी जाऊन बसते. गर्भारपणातला मधुमेह असेल तर घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं, कारण सिरपमध्ये थोडी दुसरी साखरही असते.

गोड चव नकोशी होणाऱ्यांना पॉलिइथिलिन ग्लायकॉलची पावडर चालते. ती पेलाभर पाण्यात विरघळवून घ्यायची. ती पाणी आपल्याशी बांधून आतड्यातून जाते, वायू कमी करते, आणि तीही अंगात फारशी शोषली जात नाही. तिसरं नाव ऐकू येतं ते डॉक्युसेट. मळ मऊ करणारी गोळी म्हणून ती वर्षानुवर्षं दिली जाते आणि नेहमीच्या मात्रेत गर्भारपणात सुरक्षितही मानली जाते. पण तिचा उपयोग किती होतो याचे पुरावे फार कमकुवत आहेत. माझ्या अनुभवात तिच्यावर घालवलेला आठवडा बहुतेक वाया जातो. निवड करायची असेल तर मी पहिल्या दोघांकडेच जाते. खडा अगदी तोंडाशी येऊन अडकला असेल तर ग्लिसरिनची कांडी गुदद्वारात ठेवायची, ती काही मिनिटांत काम करते आणि पोटात काहीच जात नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "मॅडम, झालं." एवढंच. त्यात जो सुटकेचा सूर होता तो रिपोर्टात कधी ऐकू येत नाही.

त्यानंतर आम्ही तिच्या ताटाकडे वळलो. सकाळी चहा आणि टोस्ट, कारण घाई. डब्यात दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी. घरी आल्यावर पुन्हा चहा. रात्री मऊ भात आणि वरण, कारण मळमळीच्या महिन्यांत तेवढंच जात होतं आणि ती सवय पुढे तशीच राहिली. यात तंतू किती? गव्हाच्या कणकेत शंभर ग्रॅमला सुमारे ११ ग्रॅम, म्हणजे दोन पोळ्यांत सातेक. पांढऱ्या तांदळात शंभर ग्रॅमला तीनसुद्धा नाही. बटाटा, वरण, टोस्ट धरून दिवसाचे जेमतेम १४ ग्रॅम झाले. हवेत २५ ते ३०.

ही तूट भरून काढायला परदेशी बिया नकोत. ज्वारीच्या पिठात शंभर ग्रॅमला १० ग्रॅम तंतू असतात, बाजरी-नाचणीत त्याहून थोडे जास्त. साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे ६ ग्रॅम. रात्रीचा अर्धा भात काढून तिथे एक भाकरी आली. मूठभर मोड आलेल्या मटकीची उसळ, आणखी चारेक ग्रॅम. बटाट्याच्या जागी आठवड्यातून चारदा गवार, मेथी किंवा माठ. मिळेल तेव्हा पेरू. मध्यम आकाराच्या एका पेरूत आठेक ग्रॅम असतात, सफरचंदापेक्षा कितीतरी जास्त आणि किमतीत कितीतरी कमी. गुरुवारचा उपास ती करत होती. साबुदाण्यात तंतू नावालाच, आणि त्या दिवशी पाणीही कमी प्यायलं जायचं. शुक्रवार तिला नेहमी जड जायचा, हे तिने हिशेब करताना स्वतःच ओळखलं. तिने उपास सोडला नाही, पण खिचडीच्या जागी राजगिऱ्याची भाकरी, भोपळ्याची भाजी आणि फळं आली.

हे सगळं एका दिवसात करायचं नसतं. तंतू एकदम दुप्पट केले तर पोट फुगतं. आधी भाकरी, चार दिवसांनी उसळ, मग पालेभाजी, असं दीड-दोन आठवड्यांत चढवत न्यायचं. एवढं करूनही पुरत नसेल तर इसबगोलाची वेळ येते. जेवणाने भागत नाही तेव्हा गव्हाचा कोंडा किंवा असाच तंतूंचा पुरवठा द्यावा, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही गरोदरपणाच्या २०१६ च्या मार्गदर्शनात म्हटलं आहे. एक-दोन चहाचे चमचे भुसा मोठ्या पेलाभर पाण्यात घालून लगेच, फुगायच्या आत प्यायचा, आणि त्यावर आणखी थोडं पाणी. कोरडा तोंडात टाकून वरून घोटभर पाणी घेणं धोक्याचं. तो घशात किंवा आतड्यात फुगून अडकू शकतो. झोपायला जाता जाताही घेऊ नये. आणि लाल गोळीबरोबर तर नाहीच, कारण तो लोह धरून ठेवतो. दोन तासांचं अंतर हवं.

पाण्याचं मला वाटलं होतं सोपं आहे. "दिवसाला आठ-दहा पेले पी," मी म्हणाले. ती परत गप्प. मग कळलं, तिच्या शाळेत बाईमाणसाने जावं असं स्वच्छतागृह नाही. सकाळी साडेदहाला घोटभर पाणी पिऊन ती वर्गात शिरायची आणि पाचनंतर घरी येऊन घटाघटा प्यायची. गर्भवतीला तशीही तासातासाला लघवीला लागते, म्हणून हा उपाय. अशा बाया मी खूप पाहिल्या आहेत. शेतावर जाणाऱ्या, बाजारात बसणाऱ्या, दुकानात उभ्या राहणाऱ्या. त्यांना पाणी प्या म्हणणं म्हणजे जिथे संडास नाही तिथे संडासला जा म्हणणं आहे, आणि ते आम्ही डॉक्टर बिनधास्त म्हणतो. शेवटी मार्ग निघाला तो असा: उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, निघण्याआधी एक, दुपारच्या सुट्टीत शाळेशेजारच्या एका घरी जायची सोय झाली तिथे ताक आणि पाणी, घरी आल्यावर संध्याकाळभर थोडं थोडं. नुसतं पाणी वाढवून खडा मऊ होतोच असं नाही. शरीराला पाणी पुरेसं असेल तर जास्तीचं पाणी लघवीवाटे जातं. पण तंतूंना फुगायला पाणी लागतं. भाकरी, उसळ, इसबगोल वाढवून पाणी तेवढंच ठेवलं तर खडा आणखी घट्ट होतो.

आणखी एक छोटी गोष्ट. न्याहारीनंतर पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलतं. ती दिवसातली सर्वांत सोपी वेळ. ती घाईत दवडली, शाळेत जाऊन दाबून धरली, की मळ परत वर सरकतो आणि कोरडा होतो. तिने वीस मिनिटं लवकर उठायला सुरुवात केली. घरात कमोड होता, तिथे पायाखाली पाट ठेवायला सांगितलं. गुडघे कमरेच्या वर आले की मार्ग सरळ होतो आणि कुंथावं लागत नाही. भारतीय पद्धतीवर ते आपोआप होतं, पण आठव्या-नवव्या महिन्यात उठताना तोल जातो, म्हणून धरायला काहीतरी हवं.

तिच्या सासूबाईंनी एक दिवस विचारलं, "एरंडेल दिलं तर? आमच्या वेळी द्यायचे." एरंडेल तेल गर्भारपणात नको. ते आतडं जोरात आवळतं आणि त्याबरोबर गर्भाशयालाही कळा आणू शकतं. बाजारातल्या पोट साफ करणाऱ्या चूर्णांत बऱ्याचदा सोनामुखी असते. सोनामुखीचं औषध मोजून, थोड्या दिवसांसाठी डॉक्टर गरोदरपणात देतातही. पण चमचाभर चूर्णात ती किती आहे हे डबीवरून कळत नाही, आणि शेवटच्या आठवड्यांत किंवा आधी वेळेआधी कळा आलेल्या असतील तर ती टाळतात. दुकानात मिळणारी पांढरी किंवा गुलाबी सिरपं घेताना लेबल वाचावं. त्यावर लिक्विड पॅराफिन असेल तर गर्भवतीने ते रोज घेऊ नये. तेलात विरघळणारी जीवनसत्त्वं ते आपल्याबरोबर बाहेर नेतं. रात्री कोमट दुधात चमचाभर तूप, भिजवलेल्या काळ्या मनुका, पिकलेली पपई यांना माझी हरकत नसते. पपईची भीती कच्च्या पपईच्या चिकाची. पूर्ण पिकलेल्या पपईची नाही. पण हे सांगताना सासूबाईंचा चेहरा पाहिला आणि पेरूवरच भागवा म्हटलं.

पोट मार्गी लागल्यावर गोळ्या परत सुरू केल्या. पहिला आठवडा एकच, मग दोन, पण दोन्ही एका वेळी नाहीत. एकदम १२० मिलिग्रॅम लोह घेतलं तर न शोषलेला ढीगही दुप्पट. एक गोळी दुपारच्या डब्यानंतर, लिंबाची फोड खाऊन. एक रात्री झोपताना. कॅल्शियम सकाळच्या न्याहारीनंतर आणि संध्याकाळच्या खाण्याबरोबर, कारण कॅल्शियम आणि लोह एकत्र गेले तर लोह कमी शोषलं जातं. चहाचंही तसंच, गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको. उपाशीपोटी लोह जास्त शोषलं जातं हे खरं, पण त्याने मळमळून गोळीच सुटणार असेल तर जेवणानंतर घेतलेली बरी.

एवढं करूनही त्रास राहिला असता तर? मग लोहाचा प्रकार किंवा मात्रा बदलून पाहता येते. एक दिवसाआड गोळी देण्याचाही विचार होतो. लोहाची मोठी मात्रा घेतली की यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि दिवसभर आतड्याचा दरवाजा अर्धा बंद ठेवतं. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या बायकांमध्ये दाखवलं आहे की एक दिवस मध्ये सोडला तर पुढच्या गोळीतलं लोह जास्त प्रमाणात शोषलं जातं. पण त्या गर्भवती नव्हत्या, आणि आपल्याकडचा क्रम रोजचाच आहे, म्हणून हा बदल स्वतःच्या मनाने करायचा नाही. हळूहळू विरघळणाऱ्या, पोटाला अजिबात न लागणाऱ्या महागड्या गोळ्यांबद्दल मला थोडा संशय असतो. लोह शोषलं जातं ते आतड्याच्या सुरुवातीच्या भागात; गोळी तो भाग ओलांडून पुढे विरघळली तर पोटाला त्रास नाही आणि रक्तालाही फायदा नाही. आणि दिवस भरत आले असतील, गोळी काही केल्या सोसत नसेल, तर लोहाचं सलाईन आहेच. ते पहिल्या तीन महिन्यांत देत नाहीत. त्यानंतर दवाखान्यात, देखरेखीखाली.

रक्ताबद्दल एक खुलासा करायला हवा, कारण तिने तेच पाहून गोळ्या सोडल्या होत्या. खड्याने चीर पडली तर लाल, ताजं, थेंबभर रक्त दिसतं आणि त्या वेळी कापल्यासारखं दुखतं. न दुखता ताजं रक्त येत असेल तर बहुधा मूळव्याध. दोन्ही मळ मऊ झाल्यावर बरेच आवरतात, तरी एकदा डॉक्टरांना दाखवावंच. लोहाने आलेला काळा रंग निराळा. पण डांबरासारखं काळं, चिकट, चकाकणारं आणि उग्र वासाचं शौच झालं, चक्कर आली, तर ते वरच्या आतड्यातल्या रक्तस्रावाचं लक्षण असू शकतं आणि त्या दिवशीच दवाखाना गाठायचा. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वाराही सरत नसेल तर तेच. पोटात ठरावीक अंतराने आवळल्यासारखं येत असेल तर त्याला गॅस म्हणून सोडून देऊ नये, त्या कळा असू शकतात. बरेच दिवस न झाल्यावर अचानक पाण्यासारखे जुलाब लागले तर जुलाब थांबवायची गोळी घेऊ नये. पुष्कळदा आत खडा तसाच असतो आणि त्याच्या कडेने पाणी झिरपतं. आणि थंडी सोसवत नाही, अंग जड, त्यात बद्धकोष्ठ, असं असेल तर थायरॉईड तपासावं. हिचं तपासलं, ठीक निघालं.

महिन्याने ती आली तेव्हा हिमोग्लोबिन १०.७ होतं. सिस्टरनी तोच प्रश्न विचारला. या वेळी ती हसली, "काळीकुट्ट." सिरप आता एक दिवसाआड १० मिलिलिटरवर आलं होतं. सवय लागेल का, असं तिने विचारलं. लॅक्ट्युलोजची सवय लागत नाही. हळूहळू कमी करता येतं, आणि पुन्हा घट्ट झालं तर पुन्हा वाढवता येतं.

नवव्या महिन्यात ती माहेरी निघाली तेव्हा बाळंतपणाच्या पिशवीत काय काय ठेवायचं याची यादी दाखवायला आली. दुपटी, टोपडी, लाल गोळ्यांच्या पुरेशा पट्ट्या. सिरपची बाटली नव्हती. मी म्हटलं, तीही ठेव. बाळंत झाल्यावर पहिल्यांदा संडासला जायची वेळ येते तेव्हा टाके असतात, आणि टाक्यांच्या भीतीने बाया दोन-तीन दिवस दाबून धरतात. त्यात डिंकाचे लाडू, तूप, भात, आणि बाळंतिणीला पाणी कमी द्यायची काही घरांतली रीत. लॅक्ट्युलोज अंगावर पाजतानाही चालतं. पहिल्या दिवसापासूनच घेतलं तर चौथ्या दिवशी खडा होत नाही.

"आणि आईला काय सांगू?" तिने विचारलं. "ती म्हणेल, एवढं पाणी कशाला पितेस, टाके ओले होतील."

मी प्रिस्क्रिप्शनच्या मागे मराठीत लिहून दिलं: बाळंतिणीने भरपूर पाणी प्यायचं आहे. खाली सही आणि शिक्का. शिक्क्याने काम होतं.